दुखणं थांबलं म्हणून सोडू नका: हिरड्यांचा एक वेगळाच आजार

बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा समजा. परीक्षा तोंडावर, रात्र रात्र जागरण, सिगरेटी नेहमीच्या दुप्पट आणि ब्रश करायचा राहूनच जातो. एका सकाळी हिरड्या इतक्या ठणकतात की घास चावता येत नाही, उशीवर रक्ताचे डाग दिसतात, आणि तोंडाला असा घाण वास की शेजारी बसलेल्यालाही जाणवतो.

साधी हिरडीसूज असती तर ब्रश करताना थोडं रक्त आलं असतं, पण दुखणं फारसं नसतं. इथे नुसता हात लागला तरी कळ येते, रक्त आपोआप येतं. आणि आरशात नीट बघितलं तर दोन दातांच्या मधलं हिरडीचं टोक गायब, जणू कोणीतरी पंच मारून तेवढाच तुकडा काढलाय, वर राखाडी पापुद्रा. डॉक्टर मुख्यतः हेच बघून ओळखतात. याला नेक्रोटायझिंग अल्सरेटिव्ह जिंजिवायटिस म्हणतात, पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हा खूप व्हायचा.

यातले जंतू, फ्युझोबॅक्टेरियम, ट्रेपोनेमा वगैरे, बाहेरून आलेले नसतात, आपल्याच तोंडातले असतात, म्हणून हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताण आणि जागरणामुळे प्रतिकारशक्ती पडते, सिगरेटमुळे हिरडीतला रक्तपुरवठा आणि पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं, आणि साचलेल्या किटणात या जंतूंचं फावतं. कुपोषण आणि एचआयव्हीमध्येही हे होतं, त्यामुळे दुसरं काही कारण सापडलं नाही तर डॉक्टर एचआयव्ही टेस्ट सुचवतात, त्यात घाबरण्यासारखं किंवा लाज वाटण्यासारखं काही नाही, करून घ्यावी.

आता आपल्या मुलाकडे येऊ. पहिल्या दिवशी डेंटिस्ट हिरडी बधिर करून पापुद्रा आणि वरवरचं किटण हळुवार काढतात, खोल सफाई तेव्हा करत नाहीत कारण ती सहनच होत नाही. घरी मऊ ब्रश आणि दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या. ताप असेल, मानेत गाठी आल्या असतील तर मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक, साधारण तीन दिवस, डॉक्टर सांगतील त्या डोसने, आणि त्या काळात दारू अजिबात नाही.

दोन दिवसांत दुखणं खूपच कमी होतं आणि नेमकं इथेच गडबड होते, बरं वाटलं म्हणून लोक परत जातच नाहीत. पण दातांवरचं टार्टर, म्हणजे कडक झालेलं किटण, तसंच असतं, आणि जिथे टोक गेलं तिथे खड्डा उरतो, त्यात अन्न अडकतं, तिथूनच आजार पुन्हा उलटतो. म्हणून पुढच्या भेटींत पूर्ण स्केलिंग, म्हणजे ते टार्टर खरवडून काढणं, दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश कसा वापरायचा ते शिकणं, आणि सिगरेट सोडायचं ठरवणं हे सगळं राहिलेलं असतं. खड्डे भरून आलेच नाहीत तर छोटी शस्त्रक्रिया करून हिरडीला आकार देता येतो, पण आजार पूर्ण शांत झाल्यावरच. आणि दुर्लक्ष झालं तर तो हिरडीवर न थांबता खालच्या हाडापर्यंत जाऊ शकतो.