नाव नसलेलं पत्र

नमस्कार श्रोतेहो. नाव न घालता केलेल्या तक्रारीच्या पत्राला आपल्या बडोद्यात ‘ननामी अरजी’ म्हणतात. गुजरातीत तिरडीलाही ननामीच म्हणतात, त्यामुळे आमच्या दक्षता शाखेत असं पाकीट आलं की शिपाई म्हणायचा, “साहेब, ननामी निघाली.”

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी 18 ऑक्टोबर 2013 चं परिपत्रक आहे. पत्रावर नाव-पत्ता नसेल, तर आरोप कितीही गंभीर असो, ते दफ्तरी दाखल करायचं. उत्तर द्यायला समोर कुणी नसतंच. खरी कसरत असते ती नाव असलेल्या, पण ते नाव खरं की खोटं हे ठाऊक नसलेल्या पत्राची.

असं एक पत्र आमच्याकडे आलं. बिल चाळीस खुर्च्यांचं, आल्या अठ्ठावीस. बिलाचा क्रमांकही दिलेला. खाली सही आणि दांडिया बाजारचा पत्ता. आरोप मोघम असता तर तिथेच थांबलो असतो. पण हा तपासता येण्याजोगा होता, म्हणून वरिष्ठांची मंजुरी घेऊन सही करणाऱ्यालाच विचारलं, “ही तक्रार आपलीच ना?” त्याला पंधरा दिवस द्यायचे, मग स्मरणपत्र, मग आणखी पंधरा दिवस. तरी उत्तर नाही आलं, तर टोपणनावाची तक्रार समजून तीही दफ्तरी दाखल करायची.

आमचे गृहस्थ चौथ्या दिवशी स्वतःच हजर. पाकीट हातात, चेहरा उतरलेला. “अहो, मी त्या ऑफिसची पायरीही चढलो नाही. माझं नाव कुणी टाकलं?” तोंडी नकार चालत नाही, म्हणून दोन ओळी लिहून घेतल्या आणि तक्रार दफ्तरी दाखल केली. अक्षर कुणाचं, हे शोधायच्या भानगडीत पडलो नाही. तो मोह फार होतो, आणि ज्याच्यावर आरोप असतो त्याला तर सर्वांत जास्त.

गुपित फुटतं ते बहुधा आवक रजिस्टरात. कारकून विषयाच्या रकान्यात ‘अमुक साहेबांविरुद्ध तक्रार’ लिहितो आणि दुपारच्या चहापर्यंत ती सगळ्या मजल्यांवर पोचते. आम्ही त्या रकान्यात फक्त ‘गोपनीय’ लिहायचो. तक्रार कुणी आपली म्हणून कबूल केलीच, तर खुलासा मागताना मूळ पत्राची झेरॉक्स द्यायची नाही, मुद्दे नव्याने टाइप करायचे. तेही जपून. बिलाचा क्रमांक दोघांनाच माहीत असेल, तर तो क्रमांकच नाव सांगून जातो.

ज्यांना नाव उघड होण्याची भीती आहे, त्यांच्यासाठी 2004 पासून वेगळी वाट आहे: माहिती देणाऱ्याला संरक्षण देणारा ‘पीआयडीपीआय’ ठराव. तक्रार केंद्रीय कार्यालयातली, सरकारी बँकेतली किंवा केंद्राच्या उपक्रमातली हवी. राज्य सरकारची इथे चालत नाही. बंद पाकीट केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायचं, वर ‘पीआयडीपीआय’ लिहायचं. आपलं नाव पाकिटावर नको, आतल्या पत्रात मात्र हवंच. पोच येत नाही. ती येत नाही म्हणून पुन्हा पत्र टाकू नका, मुद्दामच पाठवत नाहीत; घरी आलेलं पाकीट पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे बघतात.

आणि त्या खुर्च्या? सामानाची वार्षिक मोजणी दरवर्षी होतेच. त्या वर्षीही झाली, तिच्या ठरल्या महिन्यात, पत्राचा उल्लेख न करता. खुर्च्या अठ्ठावीसच भरल्या.