देवाची झाडं आणि आपला पेपर

नमस्कार मंडळी. आज देवराईबद्दल बोलायचंय, कोकणात जिला देवरहाटी म्हणतात तिच्याबद्दल. पण दाट सावली, पक्ष्यांचा किलबिलाट आणि आपले पूर्वज किती शहाणे होते वगैरे तुम्ही बरंच ऐकलं असेल, ते आज बाजूला ठेवू. मी मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी, आणि या विषयावर पेपर लिहायला बसले तेव्हा माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलंच वाक्य होतं की ग्रामीण आणि आदिवासी समाजाने श्रद्धेतून निसर्गाचं जतन केलं. गाईडनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला फक्त एवढंच लिहिलं, कशावरून? त्या एका शब्दापायी माझे दोन पावसाळे गेले.

राजापूर ते कणकवली या पट्ट्यातलं एक गाव आहे, नाव सांगत नाही कारण तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. गावाच्या वरच्या अंगाला देवरहाटी, आत रवळनाथाचं आणि बाजूला सातेरीचं स्थान. सातेरी म्हणजे मुळात वारूळ, त्यावर नंतर मुखवटा चढलाय. गावात कुणबी, मराठा, गुरव आणि चार घरं महारवाड्याची, म्हणजे 'आदिवासी' हा शब्द इथे लागूच होत नाही, तरी बाहेरून आलेला लेखक सगळ्याला एकच लेबल लावून मोकळा होतो. कातकरी लोक हंगामाला मजुरीला येतात, पण देवळातल्या मानात त्यांचा वाटा नाही. मग 'समाजाने जतन केलं' म्हणताना समाज म्हणजे नेमकं कोण, मानकरी की मजूर?

पहिल्या वर्षी मला काय दिसलं ते सांगते. देवळाचं छप्पर गळत होतं, सभामंडप बांधायचं ठरलं, मुंबईचे चाकरमानी वर्गणी देणार होते पण पैसे कमी पडत होते. मग कुणीतरी सुचवलं की रहाटीतली काही मोठी झाडं विकू, ठेकेदार तयारच होता. आता तुम्ही म्हणाल, गाव उठून बसलं असेल. तसं काही झालं नाही. ठरलं काय, तर कौल लावायचा.

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव आंघोळ करून आला, तांदळाचे दाणे ओले करून पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं, बा देवा महाराजा, अमुक कामासाठी अमुक झाडं मागतोय, तुझी मर्जी असेल तर उजवी दे, आणि मागे मंडळी एका सुरात, व्हय महाराजा! मग सगळे गप्प. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. बाईमाणसाला पाषाणापर्यंत जाता येत नाही, म्हणून मी बाहेरच्या चौथऱ्यावरून बघत होते, आणि मला दाणा दिसला नाही, माणसांच्या माना हललेल्या तेवढ्या दिसल्या. डावी आली. काम थांबलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, या वेळी प्रश्न जरा बदलून, म्हणजे 'झाडं' न म्हणता 'वाळकी आणि पडायला झालेली झाडं'. उजवी आली. त्यात दोन किंजळ गेले जे मला तरी चांगले हिरवे दिसत होते.

मी गुरवकाकांना विचारलं, काका, देवाची झाडं तोडली, वाईट नाही वाटलं? ते हसले आणि म्हणाले, "झाडां देवाची. देवान व्हय म्हटल्यान, तर नाय म्हणणारे आमी कोण?" मला वाटतं माझ्या पेपरचा मुद्दा या एका वाक्यात आहे आणि तो मला पहिल्या वर्षी कळला नव्हता. त्यांच्या लेखी ते जंगल नव्हतंच, ती देवाची मालमत्ता होती, जसं देवाचं शेत असतं, देवाचं भांडं असतं. मालकाने परवानगी दिली की तोडण्यात पाप नाही आणि मालकाला न विचारता फांदी नेली तर ती चोरी, मग घरात आजारपण येणार.

आता पेपरमध्ये हे कसं तपासायचं? स्मिथ आणि विश्नी या दोन संशोधकांनी 2000 साली एक साधी कसोटी मांडली. एखाद्या रीतीला जतन म्हणायचं असेल तर दोन गोष्टी हव्यात, एक म्हणजे त्या रीतीने साधनसंपत्ती संपणं खरंच थांबतं किंवा कमी होतं, आणि दुसरी म्हणजे ती रीत त्याच हेतूने बेतलेली असते. नुसता परिणाम दिसला तर तो दुसऱ्याच कशाचा तरी दुय्यम परिणाम असू शकतो. उदाहरणार्थ माणसं कमी, बाजार लांब आणि कुऱ्हाड बोथट असेल तर जंगल राहतंच, त्याचं श्रेय कुणाच्या संस्कृतीला द्यायचं कारण नाही.

माझ्या गावाला ही कसोटी लावली तेव्हा परिणामाचा भाग सोपा निघाला. रहाटीत सातवीण, बेहडा, जुने आंबे, गारंबीचे वेल, आणि बाहेरच्या उतारावर खुरटं रान. पण हेतूचा भाग? रहाटीच्या बांधापासून पन्नास पावलांवर त्याच लोकांची मालकीची रानं आहेत, तिथे दर वर्षी भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडतात, ऐन आणि किंजळाचे नुसते ठोंब उभे असतात, आणि खैर मोठा झाला की ठेकेदाराला जातो. माणूस तोच, कोयता तोच. निसर्गप्रेमामुळे रहाटी टिकली असेल तर ते प्रेम बांधाच्या पलीकडे का जात नाही? मला सापडलेलं उत्तर असं की तिथे जपली जाते ती हद्द, आणि हद्दीच्या आत त्या देवाचा दरारा. हा दरारा खरा आहे, मी त्याला अंधश्रद्धा म्हणत नाही, पण त्याला पर्यावरणाची जाणीव म्हणणंसुद्धा आपल्याच सोयीचं आहे.

इथे लगेच दुसऱ्या टोकाला जायचं नाही, मी काही महिने तीही चूक केली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर जे काम केलं, त्यात श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाचा प्रसंग येतो. तिथली देवराई तुटणार असं कळल्यावर गावकऱ्यांनीच या शास्त्रज्ञांकडे धाव घेतली, कारण गावचं पाणी त्या राईतल्या झऱ्याचं होतं. म्हणजे इथे लोक स्वतःच्या तोंडाने कारण सांगतायत आणि ते कारण पाणी आहे. हा हेतूचा पुरावा म्हणून मी घेते, फक्त एक खूण करून, की ही मागणी शास्त्रज्ञांपुढे मांडलेली होती, आणि माणूस समोर कोण आहे ते बघून बोलतो. देवापुढच्या गाऱ्हाण्यात तेच लोक पाण्याचं नाव काढतात का, हे वेगळं ऐकायला लागतं. माझ्या गावात गाऱ्हाण्यात पोरंबाळं, गुरं, पाऊस, आजारपण हे सगळं होतं, झरा एकदाही नव्हता.

आणि झऱ्याच्या बाबतीत अजून एक गोम आहे. राई आहे म्हणून पऱ्याला पाणी आहे, की पाणी होतं म्हणून आधी तिथे देव बसला आणि मग भोवतीची झाडं राहिली? देवाला जागा देताना लोक उगम, खिंड, वेस अशाच जागा निवडतात. म्हणजे राईत पाणी आणि बाहेर नाही एवढ्या तुलनेवरून काहीच सिद्ध होत नाही. तसाच उगम, तसाच उतार असलेली पण देव नसलेली जागा शोधून तिच्याशी तुलना करायला हवी, आणि अशी जागा सापडणं फार कठीण असतं हो, मला पूर्ण तालुका फिरून दोनच सापडल्या.

देवराईच्या वयाचंही तसंच. इतिहासकार दामोदर कोसंबींनी 1962 साली मांडलं की रानातल्या या मातृदेवता शेतीच्या आधीच्या काळातल्या असाव्यात, आणि गाडगीळ-वर्तकांनीही देवरायांचं मूळ शिकारी-अन्नगोळा करणाऱ्या समाजात शोधलं. कल्पना विचार करण्यासारखी आहे, पण तिच्यावरून आजची एखादी विशिष्ट राई हजारो वर्षं अस्पर्श आहे असं म्हणता येत नाही. देवी जुनी असू शकते आणि तिच्याभोवतीचं रान नवं. माझ्या गावात रहाटीच्या आत एका मोठ्या बेहड्याच्या मुळांत जांभ्याचा घडवलेला चौथरा अडकलाय, शेजारी खापऱ्या. म्हणजे कधीतरी तिथे घर होतं, वस्ती हलली, मग रान आलं. मी त्या दिवशी वहीत 'मूळ जंगल' हे शब्द खोडले. केरळच्या कावूंबद्दल, म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल, फ्रीमन या संशोधकानेही 1999 मध्ये साधारण हाच इशारा दिलाय, की ही राखलेली रानं म्हणजे देवाची आणि सत्तेची मालकी, हक्क आणि मानपान यांचा मामला जास्त आहे, निसर्ग वाचवायचा बेत कमी.

मग पेपरात देवाचं काय करायचं? माझं मत, देवाला देव म्हणूनच लिहायचं. रवळनाथ म्हणजे जंगलखात्याचा जुना अधिकारी नव्हे. त्याला राग येतो, तो कौल देतो, त्याला कोंबडा लागतो, आणि शिमग्याला त्याची पालखी कुणाच्या दारी आधी जाणार यावरून भांडणं होतात. या भांडणांचा झाडांशी संबंध असतो, कारण ज्या वर्षी मानकऱ्यांत फूट पडते त्या वर्षी कौल लावायला सगळे जमतच नाहीत, आणि कौल नाही म्हणजे तोड नाही. गंमत आहे, गावच्या भांडणाने झाडं वाचतात! अशा वेळी 'परंपरेने जतन' लिहायचं की 'तंटा' लिहायचं?

शेवटी किंजळ गेले तिथलं सांगते. मोकळ्या जागेत गेल्या पावसाळ्यात कुणीतरी ऑस्ट्रेलियन अकेशियाची रोपं आणून लावली, फुकट मिळाली म्हणून. ती भराभर वाढली. यंदा मी गेले तेव्हा एका रोपाची फांदी वाटेवर आडवी आली होती, मी सहज मोडायला हात घातला तर मागून गुरवकाका ओरडले, "ताई, हात लावू नको, देवाचा हा ता."