सेकंदाला बारा फोटो : एका शाळेला लिहिलेलं पत्र

(पडद्यावर: जुलैतली शनिवारची दुपार, सदाशिव पेठ, शाळा सुटतेय, दप्तरं, छत्र्या, रिक्षा)

हे आहे एक पत्र. पुण्यातल्या एका मराठी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी मुख्याध्यापिका बाईंना लिहिलंय. प्रति, माननीय मुख्याध्यापिका, विषय, शाळा सुटल्यानंतर अ‍ॅनिमेशन क्लब सुरू करण्याबाबत. इथपर्यंत सगळं नेहमीसारखंच. पण पुढे सरांनी कलेचं महत्त्व वगैरे काहीच लिहिलेलं नाही, डायरेक्ट हिशोबच मांडलाय, आणि आम्हाला हे पत्र आवडलं ते त्यामुळेच.

हिशोब असा. क्लबमध्ये मुलं सोळा, सातवी ते नववीची, चार-चारचे चार गट. करायचं काय तर स्टॉप मोशन, म्हणजे मातीचा पुतळा जरासा हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा, परत फोटो. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, पण इथे बारा फोटो पुरतात, प्रत्येक फोटो दोन फ्रेम टिकतो आणि डोळा ते चालवून घेतो. तर वीस सेकंदांच्या फिल्मला दोनशे चाळीस फोटो. आता शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सव्वा तास मिळणार, त्यातला मांडामांड-आवराआवरीचा वेळ काढला की हातात पाऊण तास, आणि नवशिकी मुलं साधारण मिनिटाला एक फोटो काढतात, म्हणजे चाळीसेक. सहा शनिवार नुसते शूटिंगला. आधी तीन शनिवार सरावाचे, दोन गोष्ट ठरवायला आणि पुतळे करायला, शेवटी दोन आवाजाला आणि जोडणीला. झाले तेरा. मध्ये गणपती आहेत, त्या दिवसांत पेठांतले रस्ते बंद म्हणजे एक-दोन शनिवार असेच जाणार, मग दिवाळीची सुट्टी. म्हणून सरांनी दिवाळीआधीचं आश्वासन दिलंच नाही, डिसेंबरचं स्नेहसंमेलन धरलं, चार फिल्म, मिळून ऐंशी सेकंद. एवढ्याशा आकड्याला हसू येईल कदाचित, पण तो खरा आहे. पहिल्याच वर्षी दहा मिनिटांची फिल्म करू म्हणणाऱ्याने स्वतः कधी पुतळा हलवलेला नसतो.

(पडद्यावर: पत्राचं दुसरं पान, साहित्याची यादी)

आता साहित्य. यादीत पहिल्या नंबरावर कॅमेरा असेल असं वाटतं ना, पण तिथे आहे प्लायवूड. चार फळ्या, प्रत्येकी दोन फूट बाय दीड फूट. कारण वर्ग सोमवारी दुसऱ्यांना लागतो, सेट तसाच ठेवता येत नाही, आणि पुढच्या शनिवारी फोन दोन बोटं जरी इकडे-तिकडे लागला तर सगळं चित्र एकदम उडी मारतं. मग ती जागा परत जुळवण्यातच अर्धा तास जातो. यावर सरांचा उपाय म्हणजे फोनचा स्टँड त्याच फळीला स्क्रूने पक्का करायचा, सेटही तिच्यावरच, आणि संपलं की अख्खी फळी उचलून कपाटात. फळ्या टिंबर मार्केटमधून कापून आणायच्या, स्टँड आणि दिवे तपकीर गल्लीतून.

दिवे का, वर्गाला एवढ्या मोठ्या खिडक्या असताना? तर खिडक्या आहेत म्हणूनच. पुण्यातली जुलैची दुपार, ढग येतो आणि जातो. आपल्याला ते जाणवतही नाही, पण पाऊण तासाचे फोटो तीन-चार सेकंदांत पळवले की चित्र लुकलुकायला लागतं. म्हणून खिडकीला काळा कार्डपेपर, आणि प्रत्येक गटाला दोन टेबल लॅम्प, सगळ्यांत एकाच बनावटीचे एलईडी बल्ब. साधे पिवळे बल्ब नकोत, ते तापतात आणि माती मऊ पडून पुतळा हळूहळू बसायला लागतो. फोनमध्ये फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करायचे, नाहीतर मुलाचा हात फ्रेममध्ये आला-गेला की फोन स्वतःच उजेड बदलत बसतो.

आणि एवढं सगळं करूनही लुकलुक राहिलीच तर? तर आधी मुलांचे शर्ट बघा. पांढरा युनिफॉर्म! लॅम्पचा उजेड शर्टावर पडतो तिथून सेटवर, मूल पुढे वाकलं की सेट उजळ, मागे झालं की मंद. यादीत 'गडद रंगाचे एप्रन, नग चार' असं लिहिलंय ते त्यासाठी, प्रत्येक गटात जो पुतळा हलवेल त्याने घालायचा. ऑफिसातल्या क्लार्कनी विचारलं म्हणे, हे काय स्वयंपाकाला?

फोन नवे मागितलेच नाहीत, पालकांकडे ड्रॉवरमध्ये पडलेले जुने चालतील, फक्त सिमकार्ड काढून, कारण मध्येच कॉल आला आणि घ्यायला कोणी हात लावला की फ्रेम हलली. बटण पण फोनवर दाबायचं नाही, छोटा ब्लूटूथ रिमोट. अ‍ॅप असं हवं ज्यात आधीचा फोटो पुसटसा दिसत राहतो, म्हणजे पुतळा किती सरकला ते कळतं. त्याला ओनियन स्किन म्हणतात. माती म्हणजे ऑइल क्ले. शाडू नको, गणपतीला ती बेस्ट, पण वाळते, आणि हात वाकवला की कोपराला तडा.

(पडद्यावर: तिसरं पान, 'अपेक्षित फलित')

इथे लोक साधारणपणे लिहितात की मुलांच्या कल्पनाशक्तीला पंख फुटतील. सरांनी एक परीक्षा लिहिलीय. तिसऱ्या शनिवारी प्रत्येक मुलाला एक रुपयाचं नाणं आणि भिंतीला उभा टेकवलेला कागद द्यायचा, निळ्या गमने नाणं चिकटवत ते वरून खाली पडताना दाखवायचं. पहिल्यांदा बहुतेक सगळी मुलं सारखी अंतरं ठेवतात, आणि नाणं लिफ्टमधून उतरल्यासारखं दिसतं. मग अंतरं बदलायची, एक सेंटिमीटर, मग तीन, मग पाच, मग सात. आता ते पडतं! नववीच्या विज्ञानात गतीचा धडा आहे, थांबलेली वस्तू एकसमान त्वरणाने निघाली की सारख्या वेळात कापलेली अंतरं याच प्रमाणात वाढतात. सरांनी लिहिलंय, मुलाला हा फरक हाताने करून दाखवता आला आणि का ते सांगता आलं, तर पहिलं फलित मिळालं असं धरावं. दुसरं फलित, चारही गटांची फिल्म पूर्ण. बस, दोनच.

पत्राला एक नमुना पण जोडलाय, आठ सेकंदांचा, घरच्या ओट्यावर मटकीला मोड येताना. ही युक्ती जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या राजा हरिश्चंद्रच्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम घेत टिपलं होतं, आणि ती छोटीशी फिल्म दाखवून सिनेमासाठी पैसे उभे केले.

बाईंनी मटकी दोनदा बघितली. मग विचारलं, "सर, हे सगळं खरंय, पण फळ्या ठेवणार कुठे? ग्रंथालयातलं कपाट तर भरलंय."

"प्रयोगशाळेतलं एक रिकामं आहे बाई, खोली एकोणीस इंच. फळी अठरा."

"आणि स्टँडची उंची?"

ती सरांनी मोजलेली होती, फूटभर, पण कपाटाच्या दोन फळ्यांमधलं अंतर मोजलेलं नव्हतं. शिपाईमामांना टेप घेऊन पाठवलं. चौदा इंच निघालं, पण असे कप्पे त्यात दोनच. मग बाईंनी पत्राच्या समासात लाल पेनने लिहिलं, या सत्रात दोन गट, आठ मुलं, उरलेले दोन पुढच्या जूनपासून. साहित्याच्या यादीतला प्रत्येक आकडा निम्मा केला, फक्त एप्रन चारच ठेवले. खाली सही, तारीख, शाळेचा शिक्का.