मूळ व्हिडिओ गेला, आवाज मात्र फिरतोय

नमस्कार मंडळी.

सेलूच्या मोंढ्यात दिवाळीच्या तोंडावर काय गर्दी असते, ते परभणीकडच्या लोकांना सांगायला नको. सोयाबीनचे ढीग उघड्यावर पडलेले, वजनकाटा एकच आणि हमाल दमलेले. त्यातच एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. माझ्या ओळखीचे एक मामा आपल्या ढिगावर ताडपत्री ओढायला धावले, चिखलात पाय घसरून पडले आणि पडल्यापडल्याच ओरडले, "अरे धरा रे धरा, साल वाहून चाललं!"

त्यांचा भाचा शेडमध्ये उभा राहून शूटिंग करत होता. बावीस सेकंदांचा तो व्हिडिओ त्यानं त्याच संध्याकाळी छोट्या व्हिडिओंच्या एका अ‍ॅपवर टाकला. लोकांना मोंढ्याची अवस्था दिसावी, एवढाच त्याचा हेतू होता. पण आठवडाभरात मामांचं ते वाक्य भलतीकडंच निघालं. कुणी दूध उतू जाताना ते लावलं, तर कुणी गणिताचा पेपर हातात आल्यावर. एकानं स्क्रीनचे दोन भाग करून एका बाजूला घसरणारे मामा ठेवले आणि दुसऱ्या बाजूला स्वतः पोट धरून हसला. मामांच्या मुलीच्या शाळेत पोरं तिला 'साल वाहून चाललं' म्हणून चिडवायला लागली.

मामा आणि भाचा माझ्या स्टुडिओत आले. माझं काम लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंगचं, त्यामुळं गावात असलं काही झालं की लोक माझ्याकडं येतात. मामा म्हणाले, "भाऊ, हे काढून टाका बरं." मी भाच्याला सांगितलं, कर डिलीट. त्यानं तिथंच केलं. माझी चूक झाली ती इथंच.

चार दिवसांनी बघतो तर हसणारा माणूस तसाच हसतोय, दुधाचं पातेलंही चालूच आहे. उलट आता मामांचा मूळ व्हिडिओ कुठंच नसल्यामुळं, मोंढा कुठला आणि माणूस का ओरडतोय, हे कुणालाच कळेना. उरली ती फक्त थट्टा.

असं का होतं? शेजारी-शेजारी ठेवून केलेला व्हिडिओ, ज्याला आपण ड्युएट किंवा रिमिक्स म्हणतो, तो पाहताना वाटतं की डावीकडं मूळ व्हिडिओ चालतोय आणि उजवीकडं नवा. प्रत्यक्षात बनवणाऱ्यानं 'पोस्ट' दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन एकच नवी फाइल तयार होते. आमच्या धंद्यात लग्नाच्या व्हिडिओत दोन चौकटी शेजारी लावून एक्सपोर्ट करतात, तसंच. एक्सपोर्ट झालेल्या फाइलमधून एक चौकट मागाहून उपटून काढता येत नाही. मूळ गेल्यावर त्या रिमिक्सचं काय करायचं, हे अ‍ॅप ठरवतं. त्याच्यापुढं वाटा तीनच. रिमिक्स आहे तसा राहू द्यायचा, त्याचा आवाज बंद करायचा, नाहीतर तो सगळाच काढायचा. हा नियम प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा असतो आणि बदलतही राहतो, म्हणून डिलीट करायच्या आधी त्या अ‍ॅपच्या मदत विभागात तेवढं पान वाचून घ्यावं.

आवाजाची गोष्ट आणखी वेगळी. तुम्ही स्वतःच्या आवाजात व्हिडिओ टाकला की त्या आवाजाला वेगळं पान मिळतं. व्हिडिओखाली आवाजाचं नाव दिसतं ना, त्यावर बोट ठेवलं की तो आवाज वापरलेले सगळे व्हिडिओ उघडतात. मूळ व्हिडिओ काढल्यावर आमच्या बाबतीत असं झालं की आधी बनलेले व्हिडिओ चालू राहिले, पण त्या पानावरून नवीन बनवणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं, हळूहळू विझेल.

विझलं नाही. चार जणांनी अ‍ॅपचं रिमिक्सचं बटण वापरलंच नव्हतं. त्यांनी मामांचा व्हिडिओ उतरवून घेऊन स्वतःचा म्हणून परत टाकला होता. असं केलं की अ‍ॅपच्या लेखी तो नवा व्हिडिओ ठरतो, त्याला नवं आवाजाचं पान मिळतं आणि त्या पानावर नाव टाकणाऱ्याचं येतं. भाच्याचं पान बंद पडल्यावर ज्याला तो आवाज हवा होता, तो या नकलेच्या पानावर गेला. म्हणजे आम्ही डिलीट करून मामांचा आवाज एका अनोळखी माणसाच्या नावावर चढवला.

हे कळेपर्यंत नऊ दिवस गेले होते. पण त्या अ‍ॅपमध्ये डिलीट केलेला व्हिडिओ तीस दिवस कचरापेटीत राहतो. इंस्टाग्रामवरही अशी सोय आहे, तिथं Recently deleted नावाच्या जागेत रील 30 दिवस सापडते. यूट्यूबवर मात्र डिलीट म्हणजे कायमचं डिलीट. तिथं घाईच असेल तर व्हिडिओ आधी 'खाजगी' करावा, म्हणजे लोकांना दिसत नाही आणि तुमच्या हातातून जातही नाही.

भाच्यानं व्हिडिओ परत आणला आणि लगेच खाजगी केला. मग मी वही काढली. आवाजाच्या पानावरून, शोधून आणि ओळखीच्या पोरांना विचारून आम्ही तेवीस व्हिडिओ जमवले. प्रत्येकाची लिंक, टाकणाऱ्याचं खातं, तारीख आणि स्क्रीनशॉट असं सगळं टिपलं. मूळ व्हिडिओची लिंक, टाकल्याची तारीख आणि भाच्याच्या फोनमधली न कापलेली फाइलही जपून ठेवली. तक्रार करताना 'मूळ कुठं आहे' हा प्रश्न येतोच, आणि आधी डिलीट करून बसलेला माणूस तिथंच अडकतो.

आता तक्रार कुणी करायची? मामांना वाटत होतं, चेहरा माझा आणि आवाज माझा, तर हक्कही माझा. पण कॉपीराइट साधारणपणे ज्यानं चित्रीकरण केलं त्याच्याकडं जातो, म्हणजे इथं भाच्याकडं. कॉपीराइटची तक्रार त्यानं करायची. खासगीपणाची किंवा छळाची तक्रार मात्र ज्याचा चेहरा आहे त्यानं, म्हणजे मामांनी. उलट केलं तर अर्ज परत येतो आणि आठवडा वाया जातो. जाता जाता एक गंमत सांगतो. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकार' कुणाला म्हणायचं याची यादी आहे आणि तिच्यात गायक, नर्तक यांच्यासोबत चक्क गारुडीही आहे. पण चिखलात पडून ओरडलेला शेतकरी त्या यादीत बसवणं अवघड, म्हणून त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

तेवीसपैकी चार नकला होत्या. त्यांच्यावर भाच्याची कॉपीराइट तक्रार भक्कम होती, कारण त्यांना कुणीच परवानगी दिली नव्हती. चारही निघाल्या. नकलेचा व्हिडिओ निघाल्यावर तिच्या आवाजाच्या पानावरून नवे व्हिडिओ बनणंही बंद झालं, म्हणून सगळ्यात आधी तिच्यावर हात घालायचा. असली नक्कल यूट्यूबवर असेल तर एक चांगली सोय आहे. समोरच्याला सात दिवसांची मुदत देता येते. तेवढ्यात त्यानं आपणहून काढलं तर त्याच्या चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा शेरा, येत नाही. समोर गावातलीच पोरं असतील तर ही वाट बरी.

चौदा जणांनी फक्त आवाज वापरला होता आणि पाच जणांनी शेजारी-शेजारी रिमिक्स केला होता. हे सगळे अ‍ॅपच्याच बटणानं बनलेले. इथं कॉपीराइट लंगडा पडतो. व्हिडिओ टाकताना आपण ज्या अटींना 'मान्य' म्हणतो, त्यातच इतरांना अ‍ॅपच्या सोयी वापरून तो वापरायची मुभा दिलेली असते. इंस्टाग्रामच्या अटींत तर स्पष्ट लिहिलंय की तुम्ही मजकूर काढला तरी तो इतरांनी नियमानुसार वापरलेला असेल आणि त्यांनी काढलेला नसेल, तर ती परवानगी त्यांचा मजकूर जाईपर्यंत चालू राहते. यूट्यूबच्या अटींतही तुम्ही काढण्याआधी जो वापर परवानगीनं झाला, त्याला सवलत आहे. म्हणून रिमिक्सची परवानगी व्हिडिओ टाकतानाच बंद करणं, हे मागाहून डिलीट करण्यापेक्षा किती तरी जास्त कामाचं. यूट्यूब स्टुडिओत त्यासाठी पर्याय आहेत. चित्र आणि आवाज दोन्ही वापरू द्या, फक्त आवाज द्या, नाहीतर काहीच देऊ नका.

मग या एकोणीस जणांचं काय केलं? मी सरळ निरोप धाडले. 'हा माणूस खरा आहे, त्याचे सोयाबीनचे पोते भिजले, त्याच्या लेकीला शाळेत त्रास होतोय.' अकरा जणांनी दोन दिवसांत व्हिडिओ काढला. दोघांनी माफीही मागितली. हसणाऱ्या माणसानं काही काढलं नाही. त्याच्यावर मामांनी स्वतःच्या खात्यावरून छळाची तक्रार केली, कारण त्यानं खाली मुलीच्या शाळेचं नाव लिहिलं होतं. ते नाव नसतं तर नुसत्या हसण्यावर तक्रार टिकली असती का, मला शंका आहे. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रार आल्याची पोच 24 तासांत द्यावी लागते. त्या पोचेतला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. निकाल पटला नाही तर सरकारच्या अपील समितीकडं 30 दिवसांत जाता येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. त्याचा व्हिडिओ निघाला.

काहींनी उत्तरच दिलं नाही. आणि ज्यांनी मामांचा आवाज न घेता स्वतःच्या तोंडानं 'साल वाहून चाललं' म्हटलंय, त्यांना वहीत धरलंच नाही. कुणाच्या तोंडातलं वाक्य काढून कसं घ्यायचं?

सगळं उरकल्यावर, महिनाभरानं, भाच्यानं मूळ व्हिडिओ कायमचा डिलीट केला. त्याआधी मी मामांना वहीतल्या उरलेल्या नोंदी एकेक करून दाखवल्या. शेवटची होती हिंगोलीकडच्या एका पोराची, शेजारी-शेजारी केलेली. डाव्या बाजूला मामा घसरतायत, उजव्या बाजूला तो पोरगा स्वतःच्या रानात उभा आहे, काही बोलत नाही, फक्त काळ्या पडलेल्या शेंगा मुठीत घेऊन दाखवतोय.

मी म्हटलं, "याला निरोप टाकू का?"

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला, परत एकदा बघितला. म्हणाले, "नको. राहू दे ते. त्याचंबी भिजलंय."