डायरीतली शिट्टी

नमस्कार श्रोतेहो. आज डायरीतलं एक पान घेऊ आणि त्याची मुक्तछंदातली छोटी कविता करू. पान माझंच आहे. दुसऱ्याच्या डायरीवर कात्री चालवण्याची माझी हिंमत नाही.

आधी पान ऐका.

"आज आईसाठी कानाचं मशीन आणलं. खूप दिवस मागे लागलो होतो, पण ती तयार होत नव्हती. मशीन लावल्यावर तिने विचारलं, हा आवाज कसला? पंख्याचा होता. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तिला पंखासुद्धा ऐकू येत नव्हता आणि आपल्याला कळलंही नाही. नंतर ती हळू बोलायला लागली. आम्ही मात्र सवयीने ओरडूनच बोलत होतो. रात्री तिने मशीन डबीत ठेवलं, पण बंद करायला विसरली. डबीतून बारीक शिट्टी येत होती. तिला अर्थातच ती ऐकू येत नव्हती. मी बराच वेळ ऐकत बसलो. एकटेपणा म्हणजे काय ते आज कळलं."

डायरी म्हणून हे ठीक आहे. डायरीत आपण स्वतःला समजावत असतो, त्यामुळे प्रत्येक घटनेमागे एक 'म्हणून' किंवा 'वाटलं' येतंच. कविता करायला बसलो तेव्हा मी आधी हीच वाक्यं तोडून ओळींत मांडली. 'मला फार' एका ओळीत, 'वाईट वाटलं' दुसऱ्या ओळीत. दिसायला कविता, वाचायला तीच डायरी, फक्त धाप लागलेली.

मग पान पंधरा दिवस बाजूला ठेवलं आणि नंतर पेन्सिल घेतली. जे डोळ्यांनी दिसलं किंवा कानांनी ऐकलं, त्याखाली रेघ. जे मी त्यावर बोललो, त्याभोवती गोल. रेघ आली ती आईच्या प्रश्नाखाली, पंख्याखाली, आमच्या ओरडण्याखाली, डबीखाली आणि शिट्टीखाली. गोलात गेलं 'वाईट वाटलं', 'अर्थातच', 'कळलंही नाही' आणि अख्खं शेवटचं वाक्य. ते वाक्य काढताना जिवावर आलं, कारण लिहिलं त्या रात्री तेच मला सगळ्यात चांगलं वाटलं होतं.

पण गोलातलं सगळं लगेच खोडू नका. 'मला वाईट वाटलं' या शब्दांवर थांबून मी स्वतःला विचारलं, नेमकं काय बघून वाईट वाटलं? तेव्हा आठवलं. पंखा म्हटल्यावर आईने मान वर केली होती आणि ती कितीतरी वेळ पात्यांकडे बघत राहिली होती. हे डायरीत नव्हतंच! त्याच्या जागी 'वाईट वाटलं' हे दोन शब्द बसले होते. स्पष्टीकरण पुष्कळदा असं एखाद्या चित्राच्या अंगावर बसलेलं असतं, ते उचललं की खालचं चित्र सापडतं. शेवटच्या वाक्यालाही मी हाच प्रश्न विचारला. एकटेपणा कुठे दिसला? डबी कुठे होती? तिच्या उशाशी. दिवा बंद झालेला होता. दोन्ही तपशील डायरीत नव्हते. आणि कधी कधी प्रश्न विचारूनही काहीच आठवत नाही. मग ते वाक्य खुशाल खोडावं.

इतकं झाल्यावर मला कात्रीची नशाच चढली. उरलं ते असं : पंखा. पाती. डबी. शिट्टी. चार शब्द. एका मित्राला वाचून दाखवलं आणि 'कशी वाटली' असं मुद्दाम न विचारता 'काय घडतंय' एवढंच विचारलं. तो म्हणाला, "कुकर लावलाय का?"

त्याचं चुकलं नव्हतं. मी स्पष्टीकरणाबरोबर माहितीही कापली होती. मशीन कानाचं आहे हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं, त्याशिवाय शिट्टीला अर्थ नाही. हे एका ओळीत घुसडण्यापेक्षा मी शीर्षकात टाकलं आणि कविता मोकळी झाली. उलट, मशीन चालू असताना झाकलं गेलं की त्याचा आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये परत शिरतो आणि म्हणून शिट्टी वाजते, हीही माहितीच. ती मला फार आवडली होती, पण कवितेचं तिच्यावाचून काही अडत नव्हतं. गेली.

आता खास मराठीची एक अडचण. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. वाक्य संपलं तिथे ओळ मोडली की प्रत्येक ओळ 'होती, होता, होतो' वर आपटते. मोठ्याने वाचा, लगेच कानाला खटकतं. मुक्तछंदात ओवी-अभंगासारखा अक्षरांचा किंवा यमकाचा आधार नसतो, त्यामुळे ओळ कुठे थांबते यालाच वजन येतं, आणि ते सगळं वजन 'होती'ला देऊन टाकणं म्हणजे उधळपट्टी. मी भूतकाळाचा वर्तमानकाळ केला, जमेल तिथे क्रियापद गाळलं आणि शेवटचं वाक्य क्रियापदावर न संपवता पुढे नेलं. 'मी बराच वेळ ऐकत बसलो' हेही काढलं. शिट्टीचं वर्णन आहे म्हणजे कोणीतरी ती ऐकतंय, हे वेगळं सांगायला नको.

घाई मात्र करू नये. एझरा पाउंड या कवीला पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात गर्दीतले काही चेहरे दिसले. त्यावर त्याने तीस ओळींची कविता लिहिली आणि नष्ट केली. सहा महिन्यांनी तिच्या निम्म्या लांबीची लिहिली. त्यानंतर वर्षभराने उरल्या दोन ओळी. हा हिशोब त्याने स्वतःच 1914 मध्ये लिहून ठेवला आहे. माझ्या पानाला दीड महिना लागला, आणि उरल्या बारा ओळी.

रेडिओवर ओळी दिसत नाहीत, म्हणून ओळ संपेल तिथे मी किंचित थांबतो. शीर्षक : कानाचं मशीन.

हा आवाज कसला,
आई विचारते.
पंखा.
ती मान वर करून
पात्यांकडे बघत राहते.

दिवसभर ती हळू बोलते.
आम्ही अजून ओरडून.

रात्री मशीन डबीत.
दिवा बंद.
डबी
बारीक शिट्टी वाजवत राहते
तिच्या उशाशी.

मित्राला पुन्हा वाचून दाखवली. या वेळी कुकर निघाला नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तिला ऐकू येत नाहीये ना ती?" जे वाक्य मी खोडलं होतं, ते त्याने स्वतःहून म्हटलं.

एक शब्द मात्र अजून सुटत नाही, 'बारीक'. तो काढला तर शिट्टी मोठी होते आणि मित्राचा कुकर परत येतो. ठेवला तर मीच कानाशी लागून सांगतोय असं वाटतं. शिवाय 'राहते' दोनदा आलंय, पात्यांपाशी आणि डबीपाशी. पहिल्यांदा ती चूक होती. आता मी ती मुद्दाम ठेवली आहे, कारण एकदा आई बघत राहते आणि एकदा डबी वाजत राहते. 'बारीक'च्या खाली पेन्सिलीने टिंब करून ठेवलंय.