दोन किमतींची टेस्ट: कन्व्हर्जन जिंकलं, पण पैसे कुणी जास्त आणले?

नमस्कार मंडळी. समजा, तुमच्या ॲपचं महिन्याचं सबस्क्रिप्शन 499 रुपये आहे आणि ते 699 करावं का, हे टेस्ट करून ठरवायचंय. येणाऱ्या लोकांपैकी 4,000 जणांना जुनी किंमत दाखवली, 4,000 जणांना नवी.

[स्क्रीनवर तक्ता]

499 ला 124 जणांनी घेतलं, म्हणजे कन्व्हर्जन 3.1 टक्के. 699 ला 92 जणांनी, म्हणजे 2.3 टक्के. हे आकडे टेस्टचा निकाल सांगणाऱ्या टूलमध्ये टाकले, की पी-व्हॅल्यू येते साधारण 0.03, म्हणजे किमतीने खरंच काही फरक पडत नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता फक्त 3 टक्के. टूल हिरवी खूण करून सांगतं, 499 जिंकली.

आता तेच आकडे रुपयांत बघा. 124 गुणिले 499, म्हणजे 61,876. 92 गुणिले 699, म्हणजे 64,308. विक्री कमी झालीये, पण पैसे 699 नेच जास्त आणलेत!

टूलचं गणित बरोबर आहे, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. दोन्हीकडचं कन्व्हर्जन सारखंच आहे का, एवढंच ते तपासतं. पण किंमत वाढवली की घेणारे थोडे कमी होणारच. आपल्याला हवं ते वेगळंच: ते किती कमी झाले तर तोटा होईल? 499 भागिले 699, म्हणजे 0.714. याचा अर्थ 3.1 वरून कन्व्हर्जन 2.2 टक्क्यांपर्यंत घसरलं, तरी उत्पन्न जवळपास तेवढंच राहतं. तुलना या रेषेशी करायची.

मग 699 लावून मोकळं व्हायचं का? थांबा, घाई नको. दर व्हिजिटरमागे उत्पन्न काढलं तर 15.47 आणि 16.08 रुपये येतं. फरक 61 पैशांचा. त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो, मात्र उणे 3.60 पासून अधिक 4.82 रुपयांपर्यंत जातो. शून्य मधेच आहे, म्हणजे या डेटावरून कुठलीच किंमत जिंकलेली नाही. कन्व्हर्जनचा निकाल पक्का वाटतो आणि उत्पन्नाचा लागलेलाच नसतो, हे किमतीच्या टेस्टमध्ये सर्रास होतं. मला हा सापळा सगळ्यात घातक वाटतो, कारण टूल तिथे काहीच इशारा देत नाही.

किती लोक लागतील? व्हिजिटरमागे दीड रुपयाचा फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे 64,000. हा आकडा टेस्ट सुरू करण्याआधी काढून ठेवा. रोज डॅशबोर्ड उघडून हिरवी खूण दिसली त्या दिवशी टेस्ट बंद केली, तर फरक नसतानाही टूलने विजेता दाखवण्याची जी 5 टक्क्यांची चूक आपण धरलेली असते, ती कितीतरी वाढते.

एवढे लोक येतच नसतील, तर 499 आणि 549 असली जवळची जोडी टेस्टला घेऊ नका. तिथला फरक बहुधा आणखी लहान असेल आणि आकडे त्याहून जास्त लागतील.

शिवाय हे सगळं पहिल्या महिन्याचं उत्पन्न आहे. 699 वाले दुसऱ्या महिन्यात जास्त सोडून जात असतील, तर 0.714 ची रेषाच सरकते. म्हणून टेस्ट संपली तरी कुणाला कुठली किंमत दाखवली, ही नोंद पुसू नका. तीन महिन्यांनी त्याच दोन गटांचं एकूण उत्पन्न, रिफंड वजा करून, पुन्हा मोजा.