गार पीठ, तापली भट्टी

(दृश्य: भट्टीचं तोंड, आत निखारे)

सांगलीतल्या गणपती पेठेलगतच्या गल्लीतली ही पॅटीसची भट्टी. बाभळीची लाकडं रात्रभर जळाली आहेत. आता निखारे एका कडेला ओढले जातील आणि ओल्या गोणपाटानं भट्टीची जमीन पुसली जाईल.

(दृश्य: वाफेचा लोट, चाचांचा हात, मैद्याची चिमूट)

इथं थर्मामीटर नाही. भट्टी सांभाळणारे चाचा आत चिमूटभर मैदा टाकतात. तो लगेच काळा पडला तर थांबायचं, पांढराच राहिला तर आणखी लाकूड. हळूहळू बदामी झाला, की पॅटीस आत जाणार. घरच्या ओव्हनमध्ये हीच उष्णता म्हणजे 200 ते 220 अंश, तीसुद्धा आधी वीसएक मिनिटं तापवून.

(दृश्य: फ्रिजचं दार, पिठाची लादी बाहेर येते)

पण पॅटीस फुलणार की बसणार, ते बरंचसं या फ्रिजमध्येच ठरतं. एक किलो मैद्याला साधारण सहाशे ग्रॅम मार्जरीन. आधी मैदा, मीठ, पाणी एवढंच मळायचं, मार्जरीन त्यात कालवायचं नाही. त्याची चपटी वडी पिठात गुंडाळायची, लाटायची आणि तीन पदरी घडी घालायची. एका थराचे तीन झाले. दुसऱ्या घडीला नऊ, मग सत्तावीस, चौथ्या घडीला एक्याऐंशी. प्रत्येक घडीनंतर लादी अर्धा तास फ्रिजमध्ये. तेवढ्यात मार्जरीन घट्ट होतं आणि मळून ताणलेला मैदाही सैलावतो. नाहीतर लाटलेली पट्टी रबरासारखी मागं येते.

सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला. अशा दिवसांत लोण्याची लादी पाटावर लाटेपर्यंत पाझरायला लागते. मार्जरीन थोडं जास्त टिकतं. पण तेही मऊ पडून मैद्यात जिरलं, की पदर गेले. मग कितीही घड्या घाला, उपयोग शून्य.

(दृश्य: सुरी, कापलेली कड अगदी जवळून)

ही कड बघा. पांढरी रेघ, पिवळी रेघ, पुन्हा पांढरी. सुरी धारदार हवी आणि ती सरळ खाली दाबायची, ओढायची नाही. बोथट सुरीनं कड चेपली जाते, पदर चिकटतात आणि पॅटीस एका बाजूला कलतं. दुधाचा हातही फक्त वरून फिरवायचा. कडेवर ओघळ आला तर तिथं पदर डकलेच.

बटाट्याची भाजीही गार झालेली हवी. गरम भाजी खालच्या पिठातलं मार्जरीन आधीच वितळवते. "भाजी कालची चालंल, पण गरम नको," चाचा म्हणतात.

(दृश्य: दोन ट्रे शेजारी शेजारी)

आमच्यासाठी त्यांनी एकाच लादीचे दोन ट्रे केले. पहिला फ्रिजमधून थेट भट्टीत. दुसरा भट्टीशेजारच्या ओट्यावर तसाच, पीठ बोटाला लागेपर्यंत. मग तोही आत, त्याच उष्णतेला.

(दृश्य: भट्टीच्या आत, पॅटीस फुगताना)

पहिला ट्रे. मार्जरीन वितळतंय, पण वाहून जायला त्याला वेळच मिळत नाही. तोवर पिठातल्या पाण्याची वाफ झाली. ती मधल्या चरबीमुळं सहज निसटत नाही, म्हणून वरचा पदर उचलते. प्रत्येक पदराखाली हेच. आणि वाफ जोरात असतानाच मैदा शिजून ताठ होतो, म्हणून उचललेलं पुन्हा बसत नाही. भट्टी मंद असती तर उलटं झालं असतं. चरबी आधी ओघळली असती आणि वाफ मागून आली असती.

(दृश्य: दुसरा ट्रे, कडेनं तेल)

दुसऱ्या ट्रेत भट्टी तीच, तरी तेलाचं तळं. इथं ट्रे आत जायच्या आधीच चरबी मैद्यात मुरली होती. पॅटीस जेमतेम फुगलं, खाली तळल्यासारखं झालं. ट्रेवर तेल साठलेलं दिसलं, की एक तर पीठ गरम होतं नाहीतर भट्टी गार.

(दृश्य: लांब दांड्याच्या फळीनं ट्रे दाराकडे सरकतो)

फुलून वर रंग धरला, की चाचा ट्रे दाराजवळ ओढतात. तिथं उष्णता थोडी कमी. घरी या वेळी ओव्हन वीसएक अंशांनी उतरवावा. वरून तांबूस दिसलं म्हणून काढायची घाई केली, तर आतले ओले पदर बाहेर आल्यावर बसतात. एकूण वीस-पंचवीस मिनिटं. फुगायच्या आत मात्र दार उघडायचं नाही.

(दृश्य: दोन पॅटीस मधोमध तोडलेली)

डावीकडच्यात पदर सुटे, मध्ये पोकळ्या, पाटावर चुरा. उजवीकडच्यात भाजीखाली पिठाचा एकसंध, ओला पट्टा.

चरबीबद्दल एक वाक्य सांगायलाच हवं. 2022 पासून खाद्यतेल-चरबीत हृदयाला घातक असं कारखानी ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या वर चालत नाही, पण सहाशे ग्रॅम मार्जरीन ते सहाशे ग्रॅमच.

(दृश्य: काचेचं कपाट, गिऱ्हाईक)

दुसरा ट्रे कपाटात गेला नाही, तो कामगारांच्या चहाबरोबर संपला. पुढची लादी फ्रिजमध्ये आहे आणि चाचांनी पोराला बजावलंय, "मी सांगितल्याशिवाय काढू नगोस."